गोचीड, माकड आणि माणूस : क्यासनूरच्या जंगलातील एका तापाचा इतिहास

एखादा माणूस नको इतका लगट करू लागला, की आपण म्हणतो, ‘गोचिडीसारखा चिकटलाय.’ गोचीड आपल्या भाषेत अशी फार जुन्या काळापासून वस्तीला आहे. ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायात तर तिचा प्रसिद्ध दृष्टांतच आहे. गाईच्या कासेला ती चिकटलेली असते, कातडीच्या एका पदराआड गोड दूध असते, पण ही बापडी ते सोडून रक्तच पीत राहते. गुराख्याला, शेतकऱ्याला, कुत्रा पाळणाऱ्याला तिची इतकी सवय झालेली असते, की तिच्याकडे कुणी संकट म्हणून पाहत नाही. दिसली की उपटायची, दगडाने चिरडायची, झालं.

या क्षुद्र जिवाने 1957 साली आपल्या शेजारच्या मुलखात एक असे प्रकरण घडवून आणले, की त्याची चौकशी थेट सैबेरियाच्या पाखरांपर्यंत जाऊन पोचली. वाचकहो, ती हकिगत आज आपल्यापुढे मांडायची आहे. मी इतिहास शिकवणारा माणूस, वैद्य नव्हे. पण काही ताप असे असतात, की त्यांचा इतिहास ठाऊक असला तर माणूस वेळेवर सावध होतो. हा ताप त्यांतलाच.

शिमोगा जिल्हा तेव्हा म्हैसूर राज्यात होता. त्यातल्या सोरब तालुक्यात क्यासनूर नावाचे राखीव जंगल आहे. 1957च्या मार्च महिन्याच्या सुमारास त्या भागातल्या जंगलात माकडे मरून पडलेली दिसू लागली. काळ्या तोंडाची वानरे होती, तशीच डोक्यावर केसांची टोपी असलेली लाल तोंडाची माकडेही होती. त्याच दिवसांत जंगलाकाठच्या खेड्यांतून माणसेही तापाने अंथरुणाला खिळू लागली. एकाएकी हुडहुडी भरे, कपाळ फुटेल असे दुखे, कंबर आणि पोटऱ्या यांत असह्य कळा येत, डोळे लाल होत आणि काहींच्या नाकातून, हिरड्यांतून रक्त येई. पहिल्याच वर्षी साडेचारशेंवर माणसे आजारी पडली. त्यांतली काही दगावली. गावकऱ्यांनी या दुखण्याला आपल्या कानडीत माकडांचेच नाव दिले. आपल्याकडे पुढे त्याला ‘माकडताप’ म्हणू लागले. नाव ठेवताना गावकऱ्यांनी एक गोष्ट अचूक हेरली होती : आधी माकड मरते आणि मागून माणूस पडतो.

सुरुवातीला हा विषमज्वर असावा असे वाटले, आणि ते साहजिकच होते. उन्हाळ्याच्या तोंडी खेड्यात ताप आला तर आधी पाण्याचाच संशय येतो. पण विषमज्वराने माकडे मरत नाहीत. तेव्हा दुसरा आणि फार भयंकर संशय पुढे आला, तो पीतज्वराचा. हा ताप आफ्रिकेत आणि दक्षिण अमेरिकेत आहे, आणि तिकडे दक्षिण अमेरिकेच्या जंगलांत माणसांच्या आधी माकडे मरतात. आशिया खंडात तो कधीच आलेला नव्हता, पण तो पसरवणारा डास मात्र आपल्या गावोगाव, घराघरातल्या रांजणांत होता. पीतज्वर एकदा आत शिरला असता तर काय अनर्थ झाला असता याची कल्पनाच करवत नाही.

हे कोडे सोडवायचे काम पुण्याकडे आले. भारतीय वैद्यक संशोधन परिषद आणि अमेरिकेतील रॉकफेलर प्रतिष्ठान यांनी मिळून 1952 साली पुण्यात विषाणू संशोधन केंद्र काढले होते. आजची राष्ट्रीय विषाणू संस्था ती हीच. टेलफर्ड वर्क, हॅरॉल्ड ट्रॅपिडो आणि त्यांचे भारतीय सहकारी शिमोग्याच्या जंगलात उतरले. माणसांचे रक्त आणि मेलेल्या माकडांच्या अवयवांचा अंश त्यांनी उंदरांच्या तान्ह्या पिलांना टोचला. पिले मेली आणि विषाणू हाती आला. मग तो कुणाच्या गोत्राचा हे पाहिले. तो पीतज्वराचा निघाला नाही, आणि सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. पण ज्या गोत्राशी त्याचे जमले ते पाहून सगळे चकित झाले. रशियाच्या अतिपूर्वेकडील अरण्यात 1937 साली झिल्बर यांच्या पथकाने मेंदूज्वराचा एक विषाणू शोधला होता. आपला विषाणू त्याचा भाऊबंद होता. आणि तो रशियन ताप पसरवणारा प्राणी डास नव्हता, गोचीड होती!

येथून चौकशीची दिशाच पालटली. पांढरी फडकी जंगलातल्या पाल्यापाचोळ्यावरून ओढत न्यायची आणि त्यांना चिकटून आलेले बारीक जीव वेचायचे, हा संशोधकांचा उद्योग सुरू झाला. त्यांत हीमॅफिसालिस स्पायनिजेरा नावाच्या जातीची गोचीड मुख्य गुन्हेगार ठरली. मग प्रश्न आला, सैबेरियाचा भाऊबंद शिमोग्यात पोचला कसा? थंडीच्या दिवसांत उत्तरेकडून लाखो पाखरे आपल्याकडे येतात. त्यांच्या अंगावर बसून गोचिडी आल्या असतील काय? या शंकेपायी जागतिक आरोग्य संघटनेने पैसा दिला आणि मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने सलीम अलींच्या नेतृत्वाखाली पाखरे पकडून त्यांच्या पायांत कडी अडकवण्याची मोठी मोहीम काढली. पक्ष्यांच्या प्रवासाविषयीचे पुष्कळ ज्ञान आपल्याला त्यातून मिळाले. विषाणू मात्र पाखरांबरोबर आला हे काही सिद्ध झाले नाही. तो येथलाच, याच जंगलांत दबून राहिलेला रहिवासी, असेच आज मानतात.

तो जर येथलाच, तर तो 1957 सालीच का उसळला? माझ्या मते या इतिहासातला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हाच आहे आणि त्याचे उत्तर गोचिडीच्या जीवनक्रमात आहे. तेवढा जरा समजून घेऊ.

अंड्यातून निघालेली गोचीड खसखशीच्या दाण्याएवढी असते आणि तिला सहा पाय असतात. ती एखाद्या उंदराला, चिचुंद्रीला, पाखराला किंवा माकडाला चिकटते, पोटभर रक्त पिते, गळून पडते आणि कात टाकते. आता तिला आठ पाय असतात, पण आकार तिळापेक्षा मोठा नसतो. हिला पिल्लू-गोचीड म्हणू. ती दुसरे सावज धरते, पुन्हा रक्त पिऊन गळते, पुन्हा कात टाकते, आणि मग पुरी वाढ झालेली गोचीड तिसरे सावज शोधते. हे तिसरे सावज मोठे जनावर लागते. रक्त पिऊन फुगलेली मादी जमिनीवर उतरते, पाचोळ्यात शेकड्यांनी अंडी घालते आणि मरते. तेव्हा एका आयुष्यात तीन जेवणे आणि तीन यजमान. विषाणू पहिल्या किंवा दुसऱ्या जेवणात पोटात गेला, की पुढच्या यजमानाला तो पोचवायला ती मोकळी.

पुरी वाढ झालेल्या गोचिडी पावसाळ्यात जास्त असतात. पावसाळा सरला की बारीक सहापायी पिलावळ निघते आणि मार्गशीर्षापासून वैशाखापर्यंत, म्हणजे डिसेंबर ते मे या कोरड्या दिवसांत, तिळाएवढ्या पिल्लू-गोचिडींचे राज्य असते. माणसाला चावते ती मुख्यतः हीच. म्हणून या तापाचा हंगामही तोच. माकडाला विषाणू बाधला, की त्याच्या रक्तात तो भरमसाट वाढतो. माकड झाडावरून खाली पडते, मरते, आणि अंग थंड पडू लागताच त्याच्यावरच्या शेकडो गोचिडी उतरून तेथेच पाचोळ्यात पसरतात. ती जागा म्हणजे तापाचे आगरच होऊन बसते.

आता गाईकडे येऊ. बोशेल नावाच्या संशोधकाने 1969 साली या सर्व प्रकाराची संगती लावून दाखवली. घनदाट अरण्यात मोठी जनावरे विरळ, म्हणून तिसऱ्या जेवणाची पंचाईत, म्हणून गोचिडी बेताच्या. पण लोकसंख्या वाढली, जंगल तोडून भातखाचरे झाली, कडेला घाणेरीची दाट झुडपे माजली आणि गावची गुरे त्यांत चरू लागली. एकेका गाईच्या अंगावर पोसून गोचिडींची संख्या बेसुमार वाढली. गाईला स्वतःला हा ताप येत नाही, ती विषाणूचा साठाही करीत नाही. ती फक्त गोचिडींना जेवू घालते. तेव्हा रोग अरण्यातून गावात चालून आला असे म्हणणे बरोबर नाही. गाव अरण्यात घुसले आणि त्या दोघांच्या शिवेवर रोग उसळला. 1983च्या सुमारास दक्षिण कन्नड जिल्ह्यात बेळतंगडी तालुक्यात काजूच्या लागवडीसाठी जंगल तोडले गेले, तेव्हा तेथे आलेली साथ ही याच नियमाची दुसरी साक्ष होय.

पंचावन्न-साठ वर्षे हा ताप कर्नाटकाबाहेर फारसा ठाऊक नव्हता. मग 2013च्या सुमारास तो केरळ आणि तमिळनाडूच्या डोंगरांत आढळला, 2015 साली गोव्यात सत्तरी तालुक्यात पोचला आणि 2016 साली आपल्या सिंधुदुर्गात, दोडामार्ग तालुक्यात, त्याने पाय ठेवला. पुढच्या वर्षी बांद्याच्या परिसरात त्याची चांगलीच झळ लागली. काजूचा हंगाम फेब्रुवारीपासून मेपर्यंत. तरवा भाजायला पातेरा गोळा करायचा, लाकूडफाटा आणायचा, तोही याच दिवसांत. म्हणजे माणूस नेमका पाचोळ्यात बसतो केव्हा, तर पिल्लू-गोचीड भुकेली असते तेव्हा!

माझ्या आजोळकडच्या एका मामेभावाची गोष्ट सांगतो. मार्च महिना. काजू वेचून घरी आला, रात्री काखेत खाज आली. पाहिले तर तिळाएवढा काळा ठिपका. मामीने उदबत्तीचा विस्तव टेकवला, गोचीड वळवळली, मग नखाने ओढून काढली. तिचे अर्धे अंग नखात चिरडले गेले. सहाव्या दिवशी संध्याकाळी हुडहुडी भरून ताप आला. ज्या डॉक्टरांकडे नेले त्यांनी टायफॉइड म्हणून औषध दिले. पाहा, साठ वर्षांनी तीच चूक! गोचिडीचे कुणी विचारले नाही आणि याने सांगितलेही नाही. नवव्या दिवशी दात घासताना हिरड्यांतून रक्त आले, तेव्हा मात्र मामा घाबरून त्याला मोठ्या रुग्णालयात घेऊन गेला. तेथे रक्तातल्या बिंबिका आणि पांढऱ्या पेशी खाली गेलेल्या निघाल्या, नमुना विषाणूच्या तपासणीला गेला आणि निदान झाले. सलाईन, रक्तदाबावर नजर आणि तापाला पॅरासिटामॉल, एवढेच उपचार. या विषाणूवर नेमके मारक औषध आजही नाही. बाराव्या दिवशी ताप उतरला आणि घरी आला. सगळे निश्चिंत झाले. आठवडाभराने पुन्हा ताप, डोके ठणकणे, मान ताठ, हात थरथरणे! या तापाचे असे दुसरे आवर्तन दहांतल्या एकदोघांना येते, आणि त्यात मेंदूवर परिणाम दिसतो. सुदैवाने तोही त्यातून उठला, पण कुळीथाच्या पिठीची वाटी हातात स्थिर धरायला त्याला दोन महिने लागले.

या तापात शंभरांतली तीन ते पाच माणसे दगावतात. माणसाकडून माणसाला तो लागत नाही, तेव्हा रोग्याला वाळीत टाकण्याचे कारण नाही. ताप असताना अॅस्पिरिनसारखी गोळी मात्र मनाने घेऊ नये, कारण त्याने रक्तस्राव वाढतो. पुण्याच्या संस्थेने या तापावर लस तयार केली होती आणि ती वर्षानुवर्षे टोचली गेली. पण तिचे संरक्षण अपुरे पडत गेले आणि 2022 साली तिचा वापर थांबला. तेव्हा गोचीड अंगाला लागू न देणे आणि लागलीच तर नीट काढणे, यावरच सारी मदार येते.

ती नीट काढायची कशी? आधी तिचे तोंड कसे असते ते ध्यानात घ्या. तिची सोंड आरीसारखी, दाते मागे वळलेले. गळाला लागलेला मासा जसा ओढून सुटत नाही तशी ती कातडीत रुतते, आणि वर एक चिकट रस सोडून सोंड जणू सिमेंटाने पक्की करते. तुम्ही तिला विस्तव लावला, रॉकेल, तेल किंवा तंबाखूचे पाणी ओतले, की ती सोडते हा समज चुकीचा आहे. ती गुदमरते, आणि गुदमरताना पोटातला ऐवज उलट तुमच्या रक्तात ओकू शकते. पोट बोटांनी दाबले तरी तोच धोका.

म्हणून बारीक टोकाचा चिमटा घ्यावा. भुवया कोरण्याचा चालतो. गोचिडीचे पोट न पकडता, अगदी कातडीला लागून, तिच्या तोंडाशी चिमटा धरावा आणि सरळ वर, एकसारख्या हळू जोराने ओढावे. हिसका देऊ नये, पिळू नये. कातडी थोडी वर उचलली जाईल, क्षणभर थांबावे, ती सुटून येते. चिमटा नसेल तर बोटांना कापड किंवा कागद गुंडाळून हेच करावे. सोंडेचा तुकडा आत राहिला आणि सहज निघाला तर काढावा, नाही तर उकरत बसू नये. तो काट्यासारखा आपोआप बाहेर पडतो. मग जागा आणि हात साबणाने धुवावेत, जंतुनाशक लावावे. गोचीड चिरडू नये. स्पिरिटच्या लहान बाटलीत टाकावी किंवा चिकटपट्टीत बंद करून ठेवावी, आणि भिंतीवरच्या दिनदर्शिकेत त्या तारखेवर खूण करावी. पुढे तीन आठवड्यांत ताप आला, तर डॉक्टरांना आपण होऊन सांगायचे, ‘अमुक तारखेला गोचीड चावली होती, रानात गेलो होतो.’ माझ्या मामेभावाने हे एक वाक्य पहिल्याच दिवशी सांगितले असते, तर तीन दिवस वाचले असते.

हे वाक्य आणखी एका कारणाने मोलाचे आहे. गोचिडीपासून दुसराही एक ताप आपल्याकडे येतो आणि तो घरच्या कुत्र्यामार्फत येऊ शकतो. 1921 साली मेगॉ या डॉक्टरांनी भारतातल्या अशा टायफससारख्या तापाविषयी लिहिले आणि तो गोचिडीने येत असावा असा तर्क केला. त्यात ताप, डोकेदुखी आणि मग अंगावर, मनगट-घोट्यांपासून तळहात-तळपायांपर्यंत, तांबडे पुरळ उठते. माकडतापावर औषध नाही, पण या तापावर आहे, डॉक्सिसायक्लिन, आणि ते लवकर मिळाले तर ताप दोनतीन दिवसांत वळतो. उशीर झाला तर हाच ताप जिवावर बेततो. म्हणजे गोचिडीचा उल्लेख राहून गेला, तर जेथे औषध आहे तेथेही ते मिळत नाही.

कुत्र्यावरची तपकिरी गोचीड रानातली नव्हे, घरातली. रक्त पिऊन ती उतरते आणि भिंतीच्या भेगेत, कुत्र्याच्या गोणपाटाखाली हजारोंनी अंडी घालते. म्हणून कुत्र्याच्या अंगावरच्या दहा गोचिडी काढून भागत नाही, त्याची बसायची जागाही साफ करावी लागते. रोज संध्याकाळी त्याच्या कानांच्या घडीत, पायांच्या बोटांमध्ये आणि गळपट्ट्याखाली बोटे फिरवून पाहावे. काढण्याची रीत माणसासारखीच. अंगावर घालायचे औषध पशुवैद्यांना विचारूनच घ्यावे, गुरांचे औषध अंदाजाने कुत्र्याला फासू नये. गोचिडी कुत्र्यालाही आजारी पाडतात. त्याने खाणे टाकले, हिरड्या पांढुरक्या दिसल्या, लघवी चहासारखी झाली, तर ‘उन्हाने मलूल झालाय’ म्हणून थांबू नये.

आणि रानात जाणाऱ्यांसाठी क्यासनूरचा धडा. पायजमा मोज्यांत खोचावा, पाचोळ्यावर उघड्या अंगाने बसू नये, आरोग्य खाते देते ते तेल उघड्या अंगाला चोळावे, घरी येताच कपडे कढत पाण्यात टाकून अंग साबणाने चोळून धुवावे, आणि काख, जांघ, गुडघ्यामागची लवण, कानामागची जागा एकमेकांना दाखवून घ्यावी. मेलेले माकड दिसले तर त्याला हात लावू नये, ओढून दूर टाकू नये आणि त्या वाटेने गुरेही नेऊ नयेत. वनखात्याला किंवा आरोग्य केंद्राला लगोलग कळवावे. ते तेथे गोचीडनाशक पूड फवारतात.

शिमोग्याच्या त्या खेडुतांपाशी 1957 साली प्रयोगशाळा नव्हती, सूक्ष्मदर्शक नव्हता. तरी आधी माकड मरते आणि मागून माणूस, एवढे त्यांनी नेमके पाहिले आणि आपल्या भाषेत सांगून ठेवले. शास्त्रज्ञांनी नंतर त्या दोघांमधली तिळाएवढी दुवा-कडी शोधून काढली. आता पुढच्या काजूच्या हंगामात रानात जाल, तेव्हा खिशात एक बारीक चिमटा असू द्या आणि झाडाखाली एखादे वानर निपचित पडलेले दिसले, तर तेथून मागे फिरा.